दोन ओहमचं समाधान

माझ्या जुन्या डायरीत नोव्हेंबर २०१६ च्या एका पानावर लिहिलंय: ‘आण्णाचं शेतातलं घर. अरेस्टर. अर्थिंग २ ओहम. उत्तम.’ ‘उत्तम’ या शब्दाखाली मी रेघसुद्धा ओढली होती. पुढं साडेचार वर्षं मी त्या रेघेवर निर्धास्त होतो. आज हे लिहायला बसलोय ते त्या पानामुळंच. मी परवानाधारक वायरमन आहे. लातूरच्या आसपासच्या गावांत तीस वर्षं घरांची, गोठ्यांची, बोअरच्या मोटारींची वायरिंग करतोय. ज्या विषयातलं आपल्याला कळतं असं मला वाटायचं, त्यातच माझं मत दोनदा चुकलं, आणि दोन्ही वेळा ते मी लोकांना ठामपणे सांगून मोकळा झालो होतो.

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचं घर गावाबाहेर माळाच्या कडेला एकटंच उभं आहे. खाली तीन खोल्या, वर एक, गच्चीवर पाण्याची टाकी. आजूबाजूला त्याहून उंच काही नाही, एक लिंब आहे तोही दूर बांधावर. आमच्या वहिनी पायाळू. पायाळू माणसावर वीज पडते हे आमच्याकडं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं, त्यामुळं ढग गडगडले की आई त्यांना ओट्यावर उभं राहू द्यायची नाही. घर बांधून झालं तेव्हा आण्णा एवढंच म्हणाला, “हिच्या मनातली भीती तरी जाईल, काहीतरी बसव.”

मला अरेस्टर नकोच होता. ‘उंच टोक लावलं की वीज ओढून आणतं’ असं मी स्वतः कित्येकांना सांगितलं होतं. ते खरं नाही हे वाचून कळलं होतं, पण मनातून गेलं नव्हतं. ढगातून उतरणारी वीज जमिनीपासून शेवटच्या काही डझन मीटरवर येईपर्यंत खाली काय आहे याची दखलच घेत नाही. तिथं आल्यावर जे उंच आणि जमिनीशी जोडलेलं असेल त्यातून तिला सामोरी एक ठिणगी वर जाते, आणि दोघींची गाठ पडते. माळावरच्या एकट्या घराची टाकी तशीही तिच्या वाटेत असतेच. टोक लावल्यानं फरक एवढाच पडतो की ती टाकीऐवजी टोकाला भेटते. मग भेटल्यावर तिला न्यायचं कुठं, हा सगळा प्रश्न खालचा आहे. तेव्हा मात्र माझं सगळं लक्ष वरच होतं.

पाच टोकांचा तांब्याचा अरेस्टर आणला. टाकीच्या बाजूला दोन मीटरचा पाइप उभा करून त्यावर बसवला. तिथून २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय पट्टी मागच्या भिंतीवरून खाली आणली. खाली आल्यावर खड्डा खणायचा होता. वर पाच फूट काळी माती, त्याखाली मुरूम, आणि आठ-नऊ फुटांवर कुदळ वाजायला लागते. घरासाठी एक अर्थिंगचा खड्डा आधीच झालेला होता, मीटरच्या बाजूला, म्हणजे घराच्या समोरच्या कोपऱ्यात. दुसरा कशाला, असा विचार मी केला. पट्टी खिडकीच्या उंचीवरून वळवून मीटरच्या खोलीत घेतली आणि बोर्डाखालच्या अर्थिंगच्या पट्टीला नटबोल्टनं आवळली. मग अर्थ टेस्टर लावला. काटा २ वर थांबला. दहाच्या आत हवं असतं आणि इथं दोन. मी डायरीत रेघ ओढली.

मे २०२१. वळीव आला तो दुपारी चारला. आण्णा शेतातून नुकताच आत आला होता, वहिनी न्हाणीत नळाखाली हात धूत होत्या. आवाज आणि उजेड एकदमच झाला असं दोघंही सांगतात. मीटर फुटून त्याचं काचेचं तोंड खोलीभर पसरलं होतं. बोर्डातले एमसीबी काळे पडले. फ्रिज, टीव्ही गेला. मोटारीचा स्टार्टर आतून जळून गेला, आणि बोर्डापासून बोअरपर्यंत गेलेल्या वायरीचं आवरण जागोजागी वितळलं होतं. वहिनींना नळातून असा झटका बसला की त्या मागे भिंतीवर आदळल्या. एक रात्र दवाखान्यात ठेवलं, हाताला बोटभर भाजलं होतं. बाकी निभावलं. मी पोचलो तेव्हा त्या खाटेवर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही बसवलं होतं ना ते?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर चढलो. पाचांतल्या मधल्या टोकाचा शेंडा वितळून मण्यासारखा गोल झाला होता. म्हणजे वीज टोकालाच भेटली होती. पट्टी वरपासून खालपर्यंत शाबूत होती. म्हणजे तिनं वीज खालपर्यंत आणलीही होती. मी जिथं आणायला सांगितलं होतं तिथं आणली होती: घराच्या आत, मीटरच्या बोर्डात.

पण २ ओहम होता ना? मग ती बोर्डातून तशीच खड्ड्यात का उतरली नाही? या प्रश्नानं मला दोन दिवस झोप दिली नाही. तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा ते केलं जे २०१६ ला करायला हवं होतं. बोर्डाखालच्या पट्टीवरून एकेक जोड सोडवला आणि खड्डा एकटा करून मोजला.

मोजायची रीत सांगतो, कारण चूक तिच्यातच लपली होती. टेस्टरची एक वायर खड्ड्याला, आणि दोन खुंट्या एका रेषेत जमिनीत ठोकायच्या. लांबची तीस मीटरवर, मधली त्याच्या ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरवर. यंत्र लांबच्या खुंटीतून थोडासा प्रवाह सोडतं आणि मधल्या खुंटीवर दाब बघतं. मधली खुंटी तीन मीटर पुढं, तीन मीटर मागं करून आकडा फारसा हलला नाही, तर तो खरा. एवढं मी तेव्हाही केलं होतं. फक्त खड्ड्याला लागलेलं बाकी सगळं तसंच जोडलेलं ठेवून केलं होतं.

एकटा खड्डा मोजला तर आकडा आला ३८.

मग ते २ ओहम कुठून आले? बोअरमधून. मोटारीच्या अर्थिंगची अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर बोर्डातून निघून पंचवीस मीटर लांब असलेल्या बोअरच्या लोखंडी केसिंगला आवळलेली होती. केसिंग खोल ओल्या जमिनीत गेलेलं. त्याच्याइतकं चांगलं अर्थिंग गावात कुणाकडं नसेल. टेस्टरनं त्याचाच आकडा दाखवला, आणि मी तो माझ्या खड्ड्याच्या नावावर लिहिला. शिवाय नोव्हेंबरमध्ये मोजलं होतं, पावसाळा नुकताच सरलेला. काळी माती तेव्हा लोण्यासारखी असते. मे महिन्यात तीच माती भेगाळते, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि खड्ड्यातल्या पाइपला चिकटलेली माती आक्रसून त्याच्यापासून सुटते. खड्डा खणून बघितला तेव्हा पाइप आणि मातीच्या मधे बोटभर फट होती. कोळसा-मिठाचा थर भरला होता, त्यातलं मीठ पाच पावसाळ्यांनी धुऊन नेलं होतं, जाता जाता पाइपवरचं जस्तही खाऊन गेलं होतं. वळीव नेमका अशा वेळी येतो, जमीन वर्षातली सगळ्यांत कोरडी असताना. पहिल्या सरीनं वरची वीतभर माती भिजते, खाली धूळच असते.

तरीही बोअर जोडलेला होताच, मग वीज त्याच्याकडं का गेली नाही? गेली. म्हणून तर ती वायर वितळली. टेस्टरचा प्रवाह सावकाश येजा करतो, त्याला पंचवीस मीटर वायर म्हणजे काहीच नाही. विजेचा प्रवाह मात्र मायक्रोसेकंदात, सेकंदाच्या दहालाखाव्या भागात, हजारो अँपिअरनं चढतो. एवढ्या झपाट्यानं चढणाऱ्या प्रवाहाला सरळ तारसुद्धा अडवते, मीटरमागे साधारण एक मायक्रोहेन्री. पंचवीस मीटरचे झाले पंचवीस. प्रवाह मायक्रोसेकंदाला वीस हजार अँपिअरनं चढला आणि सगळा त्याच वाटेनं जायचा म्हटला, तर त्या वायरीच्या दोन टोकांमधे पाच लाख व्होल्ट उभे राहतात. म्हणजे बोअर कितीही चांगला असला तरी विजेच्या हिशेबात तो फार लांब होता. जवळ होता माझा ३८ ओहमचा खड्डा. विजेचा मधल्या मानाचा झोत साधारण तीस हजार अँपिअरचा धरतात. गुणाकार केला तर अकरा लाखांच्या वर जातो. प्रत्यक्षात एवढ्या दाबाला मातीतच ठिणग्या फुटतात आणि आकडा बराच खाली येतो, पण फ्रिजला त्याचं काय? बोर्डातली अर्थिंगची पट्टी लाखो व्होल्टला चढली. तिच्यापासून बोटभर अंतरावर न्यूट्रल, जो लांबच्या ट्रान्सफॉर्मरवर जमिनीला जोडलेला. उडी पडली ती तिथं, मीटरमधे. आणि न्हाणीच्या जीआय नळाला गिझरचं अर्थिंग होतं, त्या वाटेनं वहिनींच्या हाताला.

हे उमगल्यावर मी जे मत बनवलं ते दुसऱ्या टोकाचं होतं. विजेचं अर्थिंग आणि घराचं अर्थिंग, दोघांचा एकमेकांना स्पर्शही नको! जून २०२१ मध्ये आण्णाच्या घरी मी त्याप्रमाणंच काम केलं. त्यातलं बरंचसं बरोबर होतं, आजही तसंच उभं आहे, म्हणून ते आधी सांगतो.

एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या घेतल्या, घराच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरून. प्रवाह वाटला जातो, आणि प्रत्येकीला लागणारं अंतरही घटतं. पट्टी आणि आतल्या वायरी-नळांमधे किती अंतर ठेवायचं याचा मानकात हिशेब आहे. आमच्या आठ मीटर उंचीला, विटांच्या भिंतीतून, दोन पट्ट्यांसाठी ते साधारण ४२ सेंटिमीटर येतं. पहिल्या वेळी माझी पट्टी डिशच्या केबलपासून वीतभरही लांब नव्हती. कठड्यावरून आणताना तेव्हा मी ती कठड्याच्या आकाराप्रमाणं वर, आडवी, खाली अशी वळवली होती, दिसायला नीट. वीज असा अरुंद वळसा घेत नाही, त्याच्या दोन बाजूंमधे उडी मारते. या वेळी कठड्याला भोक पाडून पट्टी सरळ बाहेर काढली. वाकवावी लागली तिथं काटकोन न करता मोठा बाक दिला. दर मीटरला क्लॅम्प. तांब्याचं टोक आणि जस्ताची पट्टी जिथं भेटतात तिथं मधे बायमेटलची चकती, नाहीतर ओलाव्यात तांबं जस्ताला खातं.

आणि खड्डे. प्रत्येक पट्टीच्या पायाशी तिचा तिचा खड्डा, भिंतीपासून मीटरभर दूर. ४० मिलिमीटरचा जीआय पाइप अडीच मीटर खोल न्यायला बोअर मारणारं छोटं यंत्र आणलं, कारण कुदळीला मुरूम दाद देत नव्हता. पाइपभोवती बेंटोनाइट भरलं. त्यावर विसंबून चालत नाही हे मात्र सांगितलं पाहिजे. बेंटोनाइट म्हणजे आपल्या काळ्या मातीच्याच जातीची चिकणमाती. ओली असेपर्यंत फुगून पाइपला धरून ठेवते, वाळली की तीही आक्रसते. म्हणून मेमध्ये दोन्ही खड्ड्यांत पाणी घालावं लागतं आणि वरचं झाकण उघडं करता येईल असं ठेवावं लागतं. दोन खड्ड्यांवर मी थांबलो नाही. खडकाच्या गावात खोल जाता येत नाही, तर आडवं जायचं. घराभोवती पाऊण मीटर खोल चर खणून तीच पट्टी कड्यासारखी फिरवली आणि दोन्ही खड्ड्यांना जोडली. चर ओढायला चार गडी दोन दिवस लागले. आण्णा स्वतः खोरं घेऊन उतरला होता.

जागा निवडताना एक मोह झाला. न्हाणीचं सांडपाणी जिथं मुरतं तिथं माती बारमाही ओली. खड्ड्याला याहून चांगली जागा कोणती? पण तिथंच वहिनी भांडी घासतात. वीज जमिनीत उतरते तेव्हा खड्ड्याभोवतीची माती सारख्या दाबाला नसते. जवळ जास्त, लांब कमी. उभ्या माणसाच्या दोन पावलांमधेसुद्धा फरक पडतो, चार पायांवर उभ्या बैलाला तर त्याहून मोठा. खड्डे मागच्या बाजूला घेतले, जिथं कुणी उभं राहत नाही, आणि तिथं तीन मीटरपर्यंत पंधरा सेंटिमीटर खडी पसरली. सांडपाण्याचा एक पाइप मात्र तिकडं वळवला.

जमिनीपासून दीड मीटरवर प्रत्येक पट्टीत एक टेस्ट लिंक, म्हणजे दोन बोल्ट काढले की वरची पट्टी खालच्या खड्ड्यापासून सुटते. माझ्या लेखी सबंध कामातला हा सगळ्यांत मोलाचा तुकडा. स्वतःचा खड्डा असावा याचं एक कारण हेसुद्धा आहे की तो एकटा करून मोजता येतो. दुसऱ्या कुणाच्या आकड्यावर तो लपून राहत नाही.

हे सगळं झालं आणि मी घराच्या अर्थिंगची वायर विजेच्या कड्यापासून काळजीपूर्वक दूर ठेवली. जवळ येत होती तिथं मधे फरशीचा तुकडासुद्धा ठेवला. पुढच्या वर्षभरात आणखी नऊ घरी मी अशीच कामं केली आणि प्रत्येक ठिकाणी बजावलं, दोन्ही अर्थिंग वेगळी, कधी जोडू नका.

२०२२ च्या उन्हाळ्यात वीज मंडळातून निवृत्त झालेले एक अभियंते आमच्या गावी पाहुणे आले होते. आम्ही त्यांना साहेबच म्हणतो. त्यांना मी हौसेनं आण्णाचं घर दाखवायला नेलं. सगळं बघून त्यांनी विचारलं, “मे महिन्यात किती आला आकडा?”

“आठ,” मी म्हणालो. “कडं आणि दोन्ही खड्डे मिळून.”

“चांगला आहे. आता तीस हजारांनं गुण.”

मी मनात गुणलं. दोन लाख चाळीस हजार.

“बाहेरची पट्टी आणि भिंतीजवळची जमीन अडीच लाखाला चढली,” ते म्हणाले, “आणि घरातला फ्रिज, नळ, बोर्ड तुमच्या वेगळ्या खड्ड्यामुळं जवळजवळ शून्यावर राहिले. मधे वीतभर वीट. ती किती वेळ थांबेल?”

मी गप्प राहिलो. ते पुढं जे बोलले ते मला अजून तसंच आठवतं. ते म्हणाले, कुठलाही खड्डा विजेला शून्यावर ठेवू शकत नाही, तेव्हा शून्याचा नाद सोडायचा. घरातलं सगळं एकदमच वर चढलं आणि एकदमच खाली आलं तर कुणाला काही होत नाही, तारेवर बसलेल्या पाखराला होत नाही तसंच. खड्डा स्वतःचा हवाच, पट्टीच्या पायाशी हवा, म्हणजे मोठा झोत बाहेरच्या बाहेर जमिनीत जातो. पण तो घराच्या अर्थिंगला एका जागी जोडलेलाही हवा, जमिनीच्या पातळीवर, मीटरच्या खोलीत शिरण्याआधी.

म्हणजे २०१६ ला मी जोडलं ती चूक नव्हती. जिथं जोडलं ती चूक होती, आणि ज्याच्या भरवशावर जोडलं ती. २०२१ ला तोडलं तीही चूक. दुधानं तोंड पोळलेल्या माणसानं ताक फुंकावं तसं मी केलं होतं, आणि नऊ घरांना करायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो फरशीचा तुकडा काढला. मीटरच्या खोलीबाहेर भिंतीच्या पायाशी एक मुख्य अर्थिंगची पट्टी बसवली. विजेच्या कड्यातून एक जीआय पट्टी तिथवर आणली. घराच्या खड्ड्याची वायर, बोर्डाचं अर्थिंग, न्हाणीचा जीआय नळ, गच्चीतल्या लोखंडाशी वेल्ड केलेली सळई, सगळं तिथं आवळलं. जोड १६ स्क्वेअर मिलिमीटर तांब्यानं केले. बोअरची वायरही तिथंच आणली, आता ती कुणाचा आकडा सजवायला नाही. राहिले फेज आणि न्यूट्रल, ते तर अर्थिंगला थेट जोडता येत नाहीत. त्यांच्यासाठी बोर्डाच्या तोंडाशी टाइप १ चा सर्ज प्रोटेक्टर बसवला. एरवी तो बंद दारासारखा असतो, दाब चढला की क्षणभर उघडून त्या दोघांनाही बाकीच्यांबरोबर वर नेतो. त्याच्या वायरी अर्ध्या मीटरच्या आत ठेवल्या, कारण तोच मायक्रोहेन्रीचा हिशेब तिथंही लागू आहे. तो स्वस्त नाही, आणि आण्णाला तीन वेळा समजावावं लागलं.

या सगळ्यानं घरातली माणसं वाचतात, शेतात उभा असलेला आण्णा नाही. अरेस्टर विकणाऱ्या एकानं मला शंभर मीटरच्या परिघाची हमी दिली होती, एका टोकावर. आपलं मानक, आयएस/आयईसी ६२३०५, टोकाच्या प्रत्यक्ष उंचीपलीकडचं असं काही धरत नाही. आमच्या टोकाच्या छायेत घर आहे आणि अंगणाचा थोडा भाग, बस्स. हे मी वहिनींसमोर आण्णाला सांगितलं. ढग आले की आता त्याच त्याला हाक मारून आत घेतात.

नऊ घरांपैकी आठ घरी जाऊन मी तो जोड करून आलो. प्रत्येक ठिकाणी सांगावं लागलं की गेल्या वेळी मी बजावून गेलो होतो ते चूक होतं. दोघांनी विचारलं, मग आता सांगता ते कशावरून बरोबर. त्यांच्यासमोर टेस्ट लिंक उघडून आणि नवा जोड सोडवून खड्डा एकटा मोजला, मग सगळं जोडून मोजला, आणि दोन्ही आकडे त्यांच्याच हातानं वहीत लिहायला लावले. २०२१ च्या आधीची, बोर्डात पट्टी नेलेली घरंही पाच निघाली. ती जास्त धोक्याची, म्हणून आधी केली.

नववं घर बंद आहे. मालक पुण्याला असतो, किल्ली शेजाऱ्याकडं. शिवरात्रीपासून फोन चालू आहेत. काल शेजारी म्हणाला गुरुवारी या. एप्रिल संपत आलाय, दुपारी दक्षिणेकडून ढग चढायला लागलेत. पट्टी आणि १६ चं तांबं गाडीत टाकून ठेवलंय, टेस्टरच्या बॅटऱ्या नव्या घातल्यात.